मदत हवी आहे: व्यापाऱ्याच्या कॉलचं रेकॉर्डिंग दाव्यात चालेल का?

तासगावचा_बागायतदार
गेल्या हंगामात वडिलांनी एका व्यापाऱ्याला द्राक्षं दिली. २ लाख ४० हजार येणं आहे. पावती कच्ची, सही नाही. पण फोनवर तो स्वतः म्हणतो, "दोन चाळीस द्यायचेत, दिवाळीला देतो." वडिलांच्या फोनमध्ये ते आपोआप रेकॉर्ड झालंय. त्या फोनचा डिस्प्ले गेलाय, म्हणून एक्सचेंजमध्ये द्यायचाय. तेवढं वाक्य कापून पेनड्राइव्हवर दिलं तर चालेल का? हातात दुसरं काहीच नाही हो.

मिरजवाला
एव्हिडन्स ॲक्टच्या ६५ बीचं सर्टिफिकेट लागतंच. त्याशिवाय रेकॉर्डिंगला शून्य किंमत.

नंदाताई
माझ्या भाचीचे कॉल तिच्या नवऱ्याने गुपचूप रेकॉर्ड केलेत. तेही चालतात का?

वकील_सातारा
बागायतदार, तो फोन कृपा करून देऊ नका. डिस्प्ले बदला, रीसेट मात्र करू देऊ नका. वडिलांनी साक्षीला उभं राहून तोच मूळ फोन हजर केला आणि तो त्यांचा, तेच वापरतात हे शपथेवर सांगितलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. पेनड्राइव्ह ही नक्कल झाली. तिला प्रमाणपत्र हवंच. मिरजवाला यांचं म्हणणं तिथे बरोबर आहे. फक्त १ जुलै २०२४ पासून ६५ बीच्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आलंय आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली अक्षरांची खूण, हीही लिहावी लागते.

वाक्य कापू नका. "द्यायचेत" च्या आधी तो "माल नीट निघाला असता तर" म्हणाला होता, असं त्याचा वकील सुचवेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पूर्ण कॉल द्या, सोबत शब्दशः लिहून काढलेला मजकूर. फाइल केबलने विंडोज संगणकावर घ्या आणि लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
certutil -hashfile call.m4a SHA256
```

६४ अक्षरं येतील. फाइलचं नाव बदललं तरी ती तशीच राहतात. एक सेकंद कापला तर पार बदलतात.

ताई, पती-पत्नीचं असं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या प्रकरणात घेता येतं, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. पण खरेपणा तिथेही सिद्ध करावा लागतो.

तासगावचा_बागायतदार
म्हणजे हॅश जुळली की आवाज त्याचाच, हे ठरलं?

वकील_सातारा
नाही. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच त्यातून कळतं. आवाज कुणाचा, हे तिला ठाऊक नसतं. त्यासाठी वडिलांनी आवाज ओळखायला हवा, आणि त्याच वेळी त्या नंबरवर तेवढा वेळ बोलणं झालं हे मोबाइल कंपनीच्या नोंदीत दिसायला हवं. ती नोंद कोर्टामार्फत मागवा. उशीर नको, कंपन्या ती कायम ठेवत नाहीत. व्हॉट्सॲपचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉटमध्ये नंबरही दिसू द्या. सेव्ह केलेलं नाव कुणीही टाकू शकतो.

मिरजवाला
प्रमाणपत्राच्या नव्या नमुन्यात भाग ब वर तज्ज्ञाची सही लागते. खाजगी दाव्यात हा तज्ज्ञ कोण?

वकील_सातारा
कायद्याने ते नीट सांगितलेलं नाही. संगणकातल्या जाणकाराची सही जोडली तरी समोरचा हरकत घेऊ शकतो. म्हणूनच म्हणतो, मूळ फोन जपा.