मित्रांना शनिवार-रविवारच्या विमानप्रवासाचा प्रस्ताव पाठवताना: आपले अनुभव सांगा

मृगनक्षत्र

चार-पाच मित्रांनी मिळून दोन दिवस कुठेतरी जायचे ठरते आणि सगळे होकार देईपर्यंत भाडे वाढलेले असते. यावर उपाय म्हणून काही जण पहिल्याच संदेशात दोन-तीन विमाने, भाड्याची कमाल मर्यादा आणि उत्तराची वेळ देऊन टाकतात. असा संदेश आपण कसा लिहिला, त्यात काय घातले आणि पुढे काय झाले, हे येथे सविस्तर लिहावे. सुरुवात म्हणून मी आमच्या पाच जणांच्या गटाला पाठवलेला संदेश देते. रकमा प्रत्येकाच्या वेगळ्या असणार, म्हणून मर्यादा १०० धरून आकडे त्या प्रमाणात मांडले आहेत.

> "शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत, असे दोन पर्याय आहेत. अ: जाताना १९:४०, येताना २१:१५, माणशी ८४. आ: जाताना २२:१०, येताना १७:३०, माणशी ७८. दोन्ही भाडी जाऊन-येऊन, कर आणि एका चेक-इन बॅगेसह आहेत आणि आज दुपारी १ वाजता पाहिलेली आहेत. मर्यादा माणशी १००. ज्याला जे जे पर्याय चालतील ते सगळे रात्री ९ पर्यंत कळवावेत. ९ वाजता जो पर्याय सर्वांना चालत असेल आणि मर्यादेत असेल, त्याची तिकिटे मी पुन्हा न विचारता काढेन."

'कोणता आवडतो' असे न विचारता 'कोणकोणते चालतील' असे विचारल्याचा मोठा उपयोग झाला. आवड विचारली असती तर मते तीन-दोन अशी विभागली असती. चालणारे पर्याय विचारल्यामुळे 'अ' पाचही जणांना चालतो, हे संध्याकाळीच स्पष्ट झाले. रात्री मात्र पाच जणांसाठी शोधल्यावर भाडे माणशी १०६ दिसू लागले आणि मर्यादा ओलांडली गेली.

वल्हेकरी

मी अनेक वर्षे तिकीट आरक्षणाचे काम केले आहे, म्हणून या १०६ बद्दल थोडे विस्ताराने लिहितो. एकाच विमानातील एकाच वर्गाच्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या टप्प्यांत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक टप्प्यात ठरावीक जागाच विकायला ठेवलेल्या असतात. आपण पाच जणांसाठी एकत्र शोधतो तेव्हा बहुतेक ठिकाणी पाचही जागा ज्यात बसतील असा सर्वांत स्वस्त टप्पा दाखवला जातो. समजा ८४ च्या टप्प्यात तीनच जागा उरल्या असतील, तर त्या बाजूला राहतात आणि पाचही जणांना १०६ लागतात, एकूण ५३०.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. त्याच विमानासाठी आधी एका प्रवाशाचे भाडे पाहावे, मग दोन, मग तीन असे वाढवत जावे. आकडा जिथे उडी मारतो, तिथे खालचा टप्पा संपलेला असतो. या उदाहरणात तीन आणि दोन अशी वेगळी तिकिटे काढली, तर तीन जणांचे २५२ आणि दोघांचे २१२ मिळून ४६४ होतात. सर्वांनी समान वाटून घेतले तर माणशी ९३ च्याही आत, म्हणजे पुन्हा मर्यादेत.

याला मर्यादाही आहेत. पीएनआर दोन होतात आणि विमान रद्द झाले किंवा वेळ बदलली, तर दोन्ही गटांना एकाच पर्यायी विमानात बसवले जाईलच असे नाही. पैसे भरतानाचे शुल्क आरक्षणागणिक आकारले जात असेल तर तेही दोनदा द्यावे लागते. मुख्य म्हणजे 'मर्यादा सरासरीवर मोजायची' हे संदेशातच लिहिलेले असावे. नाहीतर १०६ वाला म्हणतो, मी शंभरलाच हो म्हटले होते, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असते.

पाऊलवाट

माझा अनुभव असा की एकच विमान वारंवार शोधल्यामुळे संकेतस्थळाला आपली गरज कळते आणि ते भाडे वाढवते. म्हणून आमच्या गटात एकच जण ब्राउझरच्या खासगी खिडकीत भाडे पाहतो आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट टाकतो. बाकीच्यांनी शोधायचेच नाही, असा आमचा नियम आहे.

वल्हेकरी

स्क्रीनशॉटवर वेळ असण्याचा आग्रह अगदी योग्य आहे. कारण मात्र मला वेगळे वाटते. दोन शोधांच्या मध्ये भाडे वाढते ते बहुधा खालच्या टप्प्यातील जागा विकल्या गेल्यामुळे, किंवा आधी दिसलेले भाडे जुने साठवलेले असल्यामुळे. पैसे भरण्याच्या पानावर दिसणारा आकडा हाच खरा, म्हणून स्क्रीनशॉटही तिथलाच घ्यावा. बॅग, आसन आणि शुल्क धरून होणारी बेरीज तिथेच दिसते.

केतकी_बन

आम्ही मर्यादा १०० ठेवली होती. राहणे, टॅक्सी आणि जेवण धरून माझा खर्च त्याच्या दुपटीपेक्षा जास्त झाला. अशा वेळी मर्यादा पाळली गेली असे कसे म्हणायचे?

मृगनक्षत्र

येथे चर्चा फक्त भाड्याच्या मर्यादेची आहे. तरीही आपला मुद्दा संदेश लिहिणाऱ्याने लक्षात घेण्यासारखा आहे. '१०० मध्ये सहल' आणि '१०० पर्यंत विमानभाडे' यांत केवढे अंतर आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. वाचणारा मात्र घाईत एकच आकडा पाहतो. राहण्याचा अंदाजे खर्च वेगळ्या वाक्यात दिलेला बरा.

सांजवात

आमच्या गटात मिळकतीत बराच फरक आहे आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. सर्वांसमोर १०० चा आकडा टाकला की ज्याला तो जड जातो तो पैशांचे नाव काढत नाही. 'त्या दिवशी घरी काम आहे' असे सांगून बाजूला होतो. म्हणून प्रस्ताव पाठवण्याआधी मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारते की फक्त विमानासाठी किती द्यायला जमेल. आलेल्या उत्तरांतील सर्वांत लहान आकडा हीच मर्यादा ठरते, आणि तो कोणाचा हे मी कधीही सांगत नाही. एकदा त्या आकड्यात कोणतेच विमान बसले नाही, तेव्हा आम्ही तारीख पुढे ढकलली. तो मित्र आला, याचे मला आजही समाधान आहे.

उत्तररात्र

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख लिहिताना वार आणि रात्र दोन्ही लिहावे, एवढेच सुचवतो. 'शनिवार ००:३५' वाचून आमच्यापैकी एकाने शनिवारी रात्रीची तयारी ठेवली होती, पण विमानतळावर पोहोचायचे होते शुक्रवारी रात्री. सुदैवाने शुक्रवारी दुपारी बोलता बोलता ते लक्षात आले.

पाऊलवाट

ठरलेल्या वेळेपर्यंत ज्याचे उत्तरच आले नाही, त्याचे काय करता? आम्ही त्याला होकार समजतो, कारण आमचे मित्र सहसा नकारच तेवढा कळवतात.

सांजवात

मी मौन हा नकारच मानते. दुसऱ्याच्या नावाने, त्याच्या ओळखपत्रावरील स्पेलिंगसह, परत न मिळणारे तिकीट काढायचे तर त्याचा स्पष्ट शब्द हवा.

वल्हेकरी

मीही तिकिटाच्या बाबतीत सांजवात यांच्या बाजूने आहे. मात्र चौघांचे तिकीट काढल्यावर पाचवा तासाभराने 'मीही' म्हणाला आणि तोवर टप्पा बदललेला असला, तर वरचा फरक त्याने एकट्याने भरायचा की सर्वांनी वाटून घ्यायचा, यावर आमच्या गटात अजून एकमत झालेले नाही. कोणी हे आधीच संदेशात लिहिले असेल, तर ते वाक्य येथे द्यावे.