[मंडळ-यादी] आतेभावाची गाडी घेतोय, पण हप्ते बाकी आहेत

प्रेषक: निखिल, रेडिंग

नमस्कार मंडळी,

बायकोचे आतेभाऊ पुढच्या महिन्यात कायमचे पुण्याला परत चालले आहेत. त्यांची २०१८ची हॅचबॅक मी ७,८०० पौंडांना घ्यायचं ठरवलंय. त्यांनी ती २०२२मध्ये पीसीपीवर घेतली होती आणि त्याचे "चार-पाच हप्ते" बाकी आहेत. दादा म्हणतात, "तू पूर्ण पैसे मला दे, लॉगबुक आत्ताच तुझ्या नावावर करू, मी पुण्याहून हप्ते भरत राहीन."

माणूस सोन्यासारखा आहे. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा दीड महिना त्यांच्याकडे राहिलो. त्यांच्याकडे कागद मागायला जीभ रेटत नाही. काही लिहून घ्यावं का, आणि काय?

प्रेषक: अशोककाका, स्लाव

निखिल, लॉगबुकवर नाव चढलं की गाडी तुझी. मी पुण्यातली गाडी विकली तेव्हा आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता, तो उतरवायला बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म लागला. तसंच इथलं लॉगबुक बघून घे. त्यावर बँकेचं नाव नसेल तर निर्धास्त राहा. आणि घरच्या माणसाकडे कसली पावती मागतोस? बरं दिसतं का ते?

प्रेषक: स्मिता, मेडनहेड

निखिल, रोड टॅक्सचं बघ! आम्ही मैत्रिणीची गाडी घेतली, तिचा टॅक्स मार्चपर्यंत भरलेला होता, म्हणून तशीच चालवली. काही आठवड्यांनी दंडाचं पत्र आलं. २०१४च्या ऑक्टोबरपासून टॅक्स गाडीबरोबर येतच नाही, विकणाऱ्याला उरलेल्या महिन्यांचा परतावा जातो आणि आपण नव्याने भरायचा. लॉगबुकमधली हिरवी चिठ्ठी मागून घे, तिच्यावरचा नंबर टाकून गाडी रस्त्यावर आणण्याआधी ऑनलाइन भरता येतो. विमासुद्धा आधीच. तुझा प्रश्न हा नव्हता बहुतेक, पण सांगून टाकलं.

प्रेषक: मेधा, ऑक्सफर्ड

निखिल, पैसे अजून दिले नसशील तर थांब. मी बरीच वर्षं वाहनकर्जाच्या वसुली विभागात होते, अशा फायली खूप पाहिल्या. त्यातले निम्मे लोक एकमेकांचे नातेवाईक किंवा मित्र असायचे.

काका, तुमचं आरसीचं बरोबर आहे, पण ते तिकडे. इथल्या लॉगबुकवर कर्जाचा उल्लेखच नसतो. नाव असतं ते गाडी ठेवणाऱ्याचं, मालकाचं नव्हे, आणि हा मालकीचा पुरावा नाही असं त्याच कागदावर छापलेलं असतं. आपल्यातले बरेच जण इथेच फसतात, कारण आरसीची सवय असते. पीसीपीत शेवटचा पैसा फिटेपर्यंत गाडी कर्ज देणाऱ्या कंपनीची. दादांची नाहीच, मग ते ती तुला कशी विकणार?

आता यातली खरी मेख. १९६४च्या हायर पर्चेस कायद्यात साध्या खरेदीदाराला संरक्षण आहे. करार आहे हे ठाऊक नसताना, प्रामाणिकपणे गाडी घेतली तर ती त्याच्याकडे राहू शकते. पण तुला ठाऊक आहे. दादांनी खरेपणाने सांगितलं आणि आता तू ते यादीवर लिहिलंसही! म्हणजे अनोळखी माणसाकडून नकळत घेतली असतीस तर तुझी बाजू जास्त भक्कम असती. उद्या पुण्याहून दोन हप्ते चुकले, इथलं बँक खातं बंद झालं, तर कंपनी गाडीच्या मागे येईल, आणि गाडी तुझ्या दारात असेल.

म्हणून असं करा. दादांनी कंपनीकडे सेटलमेंटचा लेखी आकडा मागावा. तू कितीही फोन केलेस तरी कंपनी तुला काही सांगणार नाही, त्यामुळे दोघं एकत्र बसा आणि फोन स्पीकरवर ठेवा. त्या आकड्याला मुदत असते, ती विचारा. तेवढी रक्कम तू कराराचा नंबर टाकून थेट कंपनीला भर, उरलेली दादांना. करार संपल्याचं पत्र आलं की मग लॉगबुक आणि किल्ली. पैसे देणारा तू आहेस हे कंपनीला आधी सांगा, काही ठिकाणी दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे अडकून पडतात.

आणि "चार-पाच हप्ते" या शब्दांवर जाऊ नकोस. पीसीपीच्या शेपटाला मोठी रक्कम असते आणि लोक ती चक्क विसरतात.

प्रेषक: अशोककाका, स्लाव

मेधा, हे मला नवीन आहे. म्हणजे माझी २०१६ची गाडी मी लॉगबुक बघूनच घेतली होती! कर्ज नव्हतं म्हणून निभावलं म्हणायचं. तरी पावतीचं मला अजून पटत नाही.

प्रेषक: मेधा, ऑक्सफर्ड

काका, पावती दादांवर अविश्वास म्हणून नाही. घरगुती विक्रीत दुकानासारखी दर्जाची हमी मिळत नाही. पण जसं वर्णन केलं तशी गाडी असायला हवी, एवढं कायदा इथेही मागतो. वर्णन तोंडी असेल तर सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. एक पान पुरे: गाडीचा नंबर, चासीचा नंबर, त्या दिवशीचे मैल, किंमत, कर्ज फिटल्याची तारीख, किल्ल्या किती आणि दादांना माहीत असलेले दोष. दोघांच्या सह्या.

प्रेषक: निखिल, रेडिंग (अकरा दिवसांनी)

मेधाताई, शनिवारी दादांच्या स्वयंपाकघरात बसून फोन केला. दादांच्या हिशेबाने १६५ पौंडांचे पाच हप्ते, म्हणजे ८२५. कंपनीने आकडा सांगितला ३,४६०. शेवटची २,७०० पौंडांची रक्कम ते साफ विसरले होते, आणि व्याजाची थोडी सूट वजा होऊन हा आकडा आला. दादा कितीतरी वेळ चहाचा कप हातात धरून बसले होते. त्यांनी माझ्या ७,८०० मधून विमानाची तिकिटं आणि सामानाचा कंटेनर धरला होता.

काल कंपनीला ३,४६० भरले. पत्र आलं की दादांना ४,३४० देणार. त्यांनी कंटेनर लहान केलाय. वहिनी जरा घुश्श्यात आहेत, पण त्या माझ्यावर नाहीत असं बायको म्हणते.

दुसरं, GOV.UK वर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा इतिहास फुकट बघितला. मैल दरवर्षी नीट चढत गेलेत. पण गेल्या वर्षीच्या तपासणीत मागच्या ब्रेकच्या पाइपला गंज असल्याची सूचना आहे. दादांनी "पास" एवढंच वाचलं होतं. गॅरेजवाला १८० सांगतोय. कागदावर दोष म्हणून तो लिहिला, पण पैसे कोणी द्यायचे ते ठरलं नाही. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

प्रेषक: स्मिता, मेडनहेड

ब्रेक आहे, आधी करून घे. पैशांचं नंतर. आणि टॅक्स भरलास का?

प्रेषक: अशोककाका, स्लाव

१८० निम्मे-निम्मे करा. आणि निखिल, तो एक पानाचा कागद मला पाठव, मुलीची गाडी भाच्याला द्यायची आहे.