मदत हवी आहे : रिक्रूटरला नकार कळवायचा आहे, पण संपर्क तुटू द्यायचा नाही

धायरीकर: मी सात वर्षे ऑटोमेशन टेस्टिंग करतो. एका कन्सल्टन्सीच्या रिक्रूटर बाईंशी दोनदा फोनवर बोलणे झाले आणि शुक्रवारी पहिली मुलाखतही ठरली. मात्र काल कामाचे सविस्तर वर्णन हाती आले तेव्हा लक्षात आले की काम बहुतांशी मॅन्युअल टेस्टिंगचे असून आठवड्याचे पाचही दिवस खराडीला जावे लागेल. मी असा मसुदा केला आहे : "ही संधी सध्या मला योग्य वाटत नाही. पुढे काही असल्यास जरूर कळवावे." एवढे पुरेसे आहे का?

निवांत_पेठकर: लगेच कळवा, पण कारण सांगू नका. कारण सांगितले की त्या समजूत घालत बसतात. त्यापेक्षा पगाराची अपेक्षा दुप्पट सांगा, म्हणजे त्याच थांबतील.

मुक्ता_बाणेर: लगेच कळवावे हे खरे, कारण मुलाखत घेणाऱ्यांचा वेळ राखून ठेवलेला असतो. पण पगाराचा खोटा आकडा सांगू नका. तो तुमच्या नावापुढे नोंदला जातो आणि पुढच्या वेळी त्याच आकड्यामुळे तुम्ही वगळले जाता. मी दहा वर्षे भरतीचे काम केले आहे. "पुढे काही असल्यास" या शब्दांवरून आम्हाला काहीच शोधता येत नाही, कारण आम्ही उमेदवार शोधतो ते कौशल्य, ठिकाण, पगार आणि नोटीस पिरियड यांवरून. म्हणून असे लिहा (अर्थात इंग्रजीत, त्याच मेलला उत्तर म्हणून) :

"आपण दिलेल्या वेळाबद्दल आभार. हे काम मुख्यतः मॅन्युअल टेस्टिंगचे असल्याने मी पुढे जात नाही. कृपया शुक्रवारची मुलाखत रद्द करावी. सेलेनियम आणि जावावरचे, आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसचे काम आल्यास अवश्य कळवावे. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. माझा सीव्ही इतरत्र पाठवण्यापूर्वी मला विचारावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. एकाच कंपनीकडे दोन कन्सल्टन्सींकडून तुमचे नाव गेले, तर उमेदवार कोणाचा यावर वाद होतो आणि कधीकधी कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते.

वारजे_८८: मी ऑफर लेटर स्वीकारल्यावर नकार दिला होता. फार नम्रपणे लिहिले, तरी त्या गृहस्थांनी पुन्हा फोन उचलला नाही.

मुक्ता_बाणेर: तुमची गोष्ट वेगळी आहे, तोवर त्यांनी इतर उमेदवारांना नकार कळवलेला असतो. इथे अजून मुलाखतसुद्धा झालेली नाही.

धायरीकर: खराडीचे अंतर लिहू का? आणि पुन्हा संपर्क कधी करावा?

मुक्ता_बाणेर: खराडी कधीच नको असेल तरच लिहा, नाहीतर तिकडची चांगली कामेही तुम्हाला कळवली जाणार नाहीत. संपर्क मात्र काही बदलले तरच करा, उदाहरणार्थ राजीनामा दिला किंवा नोटीस पिरियड कमी झाला तर.

निवांत_पेठकर: हे मला पटत नाही. दर तीन महिन्यांनी दोन ओळी पाठवल्याशिवाय कोणी लक्षात ठेवत नाही.

धायरीकर: खराडीचा उल्लेख गाळून मेल पाठवला. मुलाखत रद्द झाल्याचे कळले. सीव्ही कंपनीकडे आधीच गेला आहे का, हेही विचारले आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.