रिक्रिस्टलायझेशनमध्ये माल कमी आला, जर्नलमध्ये कारण काय लिहू? (मदत हवी आहे)

सायली_पंचवटी
परवा सबमिशन आहे, कृपया लवकर सांगा. बेन्झॉइक अ‍ॅसिडचं रिक्रिस्टलायझेशन केलं. क्रूड ३.०० ग्रॅम घेतलं होतं, शेवटी २.३० ग्रॅम आलं, म्हणजे ७७ टक्के. मॅडमनी कारण लिहायला सांगितलंय. सीनियर्सच्या जर्नलमध्ये सगळीकडे ९२, ९४ असे आकडे आहेत आणि खाली एकच ओळ, 'प्रयोगातील मानवी चुकांमुळे'. माझं काही सांडलं नाही, काही फुटलं नाही. जे घडलंच नाही ते मला लिहायचं नाही. मग ०.७० ग्रॅम गेलं कुठे?

रोहित_टीवाय
फिल्टर पेपरवर आणि बीकरला चिकटून जातं. सगळ्यांचं तेच होतं. 'हाताळणीत घट' असं लिही, कोणी विचारत नाही.

अनघा_के
पाणी किती घेतलंस? गार कशात केलंस? स्फटिक धुतलेस का, आणि कशाने? हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

देवळालीकर
यील्ड काढताना आधी थिऑरेटिकल यील्ड काढावं लागतं. टोल्युइनचे मोल किती, त्यावरून बेन्झॉइक अ‍ॅसिड किती व्हायला हवं, ते मांडा. ऑक्सिडेशन अपुरं राहिलं असेल तर यील्ड कमी येणारच. परमँगनेटचा रंग पूर्ण गेला होता का?

सायली_पंचवटी
@देवळालीकर काका, मी तयार नाही केलं, क्रूड लॅबमधूनच दिलं होतं. फक्त शुद्ध करायचं होतं.
@अनघाताई, पाणी साधारण १५० मिली. 'पुरेसं घ्या' इतकंच सांगितलं होतं. बर्फ नव्हता, नळाच्या धारेखाली फ्लास्क धरून गार केला. धुतलं साध्या पाण्याने, ३० मिली असेल. चारकोल पण टाकला होता, चिमूटभर.

अनघा_के
आता बोलता येईल. १०० मिली पाण्यात २५ अंशांना बेन्झॉइक अ‍ॅसिड साधारण ०.३४ ग्रॅम विरघळून राहतं. तुझं पाणी १५० मिली, म्हणजे ०.५२ ग्रॅमच्या आसपास मदर लिकरमध्येच राहिलं. ते हरवलं नाही, फक्त पाण्यातून बाहेर आलं नाही. हात कितीही सराईत असला तरी एवढ्या पाण्यातून त्या तापमानाला २.४८ ग्रॅमच्या वर स्फटिक येऊच शकत नाहीत. ८३ टक्के हे तुझ्या प्रयोगाचं छत होतं, १०० नव्हे.

उकळत्या पाण्यात तेच अ‍ॅसिड १०० मिलीला साडेपाच ग्रॅमच्या वर विरघळतं. ३ ग्रॅमला ५५ मिली पुरलं असतं. गरम गाळताना फनेलमध्येच स्फटिक धरू नयेत म्हणून थोडं जास्त घेतात, ८० धर. मग २५ अंशांना ०.२८ ग्रॅम राहिलं असतं. बर्फात शून्याजवळ नेलं तर १०० मिलीला ०.१७ म्हणजे जेमतेम ०.१४ ग्रॅम.

रोहित_टीवाय
पण ताई, आम्हाला सरांनी जास्त पाणी घ्यायलाच सांगितलं होतं. कमी घेतलं की चारकोल गाळताना सगळं फनेलच्या दांडीत अडकतं. माझं तसंच झालं होतं, पांढरा बूच बसला होता.

अनघा_के
तुझे सर बरोबर सांगत होते, पण अर्धंच लक्षात राहिलं. गाळण्यापुरतं जास्त घ्यायचं आणि गाळून झाल्यावर जादा पाणी उकळून उडवायचं. तेवढं राहिलं की ते पाणी आपला वाटा घेऊन जातं. पेपरवर चिकटण्याचं म्हणशील तर तपासणं सोपं आहे. वापरलेला पेपर वाळवून तसाच कोऱ्या पेपरशेजारी वजन कर. ०.७० ग्रॅम पेपरवर असतं तर डोळ्यांना ढीग दिसला असता.

अंबडकर_प्लांट
आमच्या कंपनीत मदर लिकर कधी फेकत नाही. पुढच्या बॅचला तेच सॉल्व्हंट म्हणून घेतो, आधीच संपृक्त असल्यामुळे घट एकदम कमी होते. फक्त दर वेळी थोडी अशुद्धी साठत जाते, म्हणून काही फेऱ्यांनंतर सोडून द्यावं लागतं. कॉलेजात हे का शिकवत नाहीत कळत नाही. सायली, तुझं मदर लिकर आहे का अजून?

सायली_पंचवटी
आहे! बाटलीत ठेवलं होतं. आत्ता लॅबमध्ये बघून आले, तळाशी पातळ चकचकीत पापुद्रे बसलेत, हलवलं की वर तरंगतात. काल नव्हते.

अनघा_के
रात्री लॅब गार झाली, म्हणून ते बाहेर आले. याहून चांगला पुरावा काय हवा. हे निरीक्षण जर्नलमध्ये तारखेसह लिही. १८ अंशांना विद्राव्यता १०० मिलीला ०.२७ वर येते, म्हणजे १५० मिलीला ०.४० ग्रॅम. तू गाळताना तापमान मोजलं नव्हतंस, तेव्हा '०.५२' असा नेमका आकडा लिहू नकोस. '१८ ते २५ अंश धरून ०.४० ते ०.५२ ग्रॅम' असं लिही.

धुण्याच्या ३० मिलीत जास्तीत जास्त ०.१० ग्रॅम जाईल. तेही पाणी पूर्ण संपृक्त झालं तर, आणि बुखनरमधून ते भरकन निघून जातं. म्हणून तिथे 'कमाल' हा शब्द हवा. चारकोलने थोडं शोषलं असणार, पण मोजलं नाहीस, तेव्हा आकडा नको. उरलेलं 'हिशेब लागला नाही' असंच लिहायचं. त्यात कमीपणा नाही.

सायली_पंचवटी
मग सीनियर्सचे ९४ टक्के? त्यांनीही एवढंच पाणी घेतलं होतं, बर्फाशिवाय.

अनघा_के
१५० मिलीतून बर्फात गार केलं तरी ९१ च्या आसपास थांबतं. तेवढ्याच पाण्यात ९४ असेल तर पहिला संशय ओल्या स्फटिकांचा. पाण्याचंही वजन होतं. तुझे वाळले होते का? मेल्टिंग पॉइंट?

सायली_पंचवटी
दोन दिवस डेसिकेटरमध्ये होते, दुसऱ्यांदा वजन केलं तर तेच आलं. मेल्टिंग पॉइंट क्रूडचा ११६ ते ११९, नंतर १२१ ते १२२.

अनघा_के
उत्तम. १२२ ला वितळायला हवं, तसंच वितळतंय. या पट्टीने लिही, शब्द तुझे वापर:

'३.०० ग्रॅम क्रूडपासून २.३० ग्रॅम कोरडे स्फटिक मिळाले, रिकव्हरी ७७ टक्के. सुमारे १५० मिली पाणी वापरले, ते किमान गरजेच्या जवळजवळ तिप्पट होते. जादा पाणी उडवले नाही आणि बर्फ वापरला नाही, त्यामुळे विद्राव्यतेनुसार ०.४० ते ०.५२ ग्रॅम मदर लिकरमध्ये राहिले असावे. ते रात्रभर ठेवल्यावर आणखी स्फटिक दिसले. धुण्यात कमाल ०.१० ग्रॅम गेले असावे. क्रूडमधील अशुद्धीचे वजनही या घटीत आहे, ते वेगळे मोजलेले नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नकोस. ३.०० ग्रॅम हे सगळं बेन्झॉइक अ‍ॅसिड नव्हतंच.

रोहित_टीवाय
बाटलीतले ते पापुद्रे गाळून २.३० मध्ये मिळवले तर ८० च्या वर जाईल की. माल तर तोच आहे.

अनघा_के
वेगळे गाळायचे, वेगळे वाळवायचे, त्यांचा मेल्टिंग पॉइंट वेगळा घ्यायचा आणि 'दुसरा हप्ता' म्हणून वेगळ्या ओळीत लिहायचं. मदर लिकरमध्ये अशुद्धी साठलेली असते, दुसरा हप्ता बहुधा कमी शुद्ध निघतो. न सांगता मिसळलं तर १२१ ते १२२ हा आकडा त्या ढिगाला लागू राहत नाही.

अंबडकर_प्लांट
मेल्टिंग पॉइंट सारखाच आला तर मिसळायला हरकत नसावी. आमच्याकडे क्यूसी पास झालं की मिसळतात.

अनघा_के
पास झाल्यावर आणि नोंद करून, हो. ही मुलगी अजून तिथे पोचलेली नाही.

सायली_पंचवटी
पापुद्रे उद्या गाळते. वरचं पाणी आटवून आत किती आहे ते बघता येईल का? बर्नरवर ठेवू?

अनघा_के
बर्नरवर नको, बेन्झॉइक अ‍ॅसिड वाफेबरोबर उडतं आणि आकडा कमी येतो. गाळलेल्या पाण्यातले २० मिली मोजून, वजन केलेल्या चिनी मातीच्या बशीत घे आणि वॉटर बाथवर मंद आटव. तरीही थोडं उडेलच. बशीत राहील त्यात अशुद्धीही असेल, म्हणून त्याला 'अवशेष' म्हण, बेन्झॉइक अ‍ॅसिड नको. गाळताना पाण्याचं तापमान मात्र या वेळी लिहून ठेव.