मूळ आवाज म्हणजे नक्की कोणाचा?

नेरुळवासी: डब केलेला सिनेमा बघणं म्हणजे नटाचं निम्मं काम कचऱ्यात टाकणं. ज्यांना खाली येणाऱ्या सबटायटलच्या दोन ओळी वाचायचा कंटाळा येतो, त्यांनी अभिनयावर बोलू नये.

सानपाड्याची: दुसरं वाक्य झोंबलं, म्हणून सविस्तर लिहिते. डबिंग हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. 'मणिचित्रताळू' तुम्ही मल्याळममध्येच पाहिला असणार. फाजिलचा, १९९३ चा. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आवाज तिचा नाही. तिने साकारलेली गंगा बोलते भाग्यलक्ष्मीच्या आवाजात आणि गंगा स्वतःला जी नर्तकी समजू लागते, त्या नागवल्लीचे तमीळ संवाद दुर्गाच्या आवाजात. '९६' या तमीळ सिनेमात त्रिशासाठी चिन्मयी बोलली आहे. दक्षिणेत नायिकांच्या बाबतीत हे सर्रास चालतं. तुम्ही जपायला निघालात तो आवाज नटीचा नव्हताच.

नेरुळवासी: दोन नायिका काढून दाखवल्या म्हणून नियम मोडत नाही. मोहनलाल, फहाद फासिल हे मल्याळम नट स्वतः बोलतात. आणि शोभनासाठीचा आवाज दिग्दर्शकाने पसंत केला होता, तोही त्याच भाषेत. तुमच्या हिंदी डबला मूळ दिग्दर्शक येऊन बसतो का?

सानपाड्याची: बहुतेक वेळा नाही बसत. एवढं तुमचं खरं.

किसननगर: वाचायचा 'कंटाळा'? माझ्या आईला मोतीबिंदू आहे. मल्याळम सिनेमात सगळे पांढऱ्या मुंडूत, त्यावर पांढरी अक्षरं. तिला काय दिसणार? घोडबंदर रोडच्या एका थिएटरमध्ये तर खालची ओळ पडद्याबाहेर कापली गेली होती. तक्रार केली तर म्हणाले, प्रिंटच तशी आलीय.

कोपरीकर: तुमचं चालू द्या, पण हिंदी डब की इंग्रजी सबटायटल, एवढंच का बोलताय? मराठी डब कुठाय? 'बाहुबली' टीव्हीवर मराठीत आला, प्रभासला गश्मीर महाजनीने आवाज दिला, घरात सगळ्यांनी बघितला. जमतं की!

नेरुळवासी: म्हणजे आधीच मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत, त्यात आता तेलुगू सिनेमा मराठीत आणून बसवायचा?

कोपरीकर: हिंदीत आणून बसवलाच आहे ना? मग शो कोणाचे गेले? ठाण्यातली पोरं 'पुष्पा'चे डायलॉग हिंदीतच मारतात. श्रेयस तळपदे, आपला मराठी माणूस, पण आवाज हिंदीत द्यावा लागला.

नेरुळवासी: द्यावा लागला नाही, त्याने दिला आणि छान दिला. प्रत्येक ठिकाणी अस्मिता घुसवू नका.

कोपरीकर: तुम्ही वाचता त्या ओळी इंग्रजीत असतात, म्हणून तुम्हाला अस्मिता नकोय. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही. त्यांनी अभिनय बघूच नये का?

सानपाड्याची: भांडण पुरे. पुन्हा गंगाच्या त्या सीनकडे या. खरेदीला निघालेल्या गंगाला तिचा नवरा नकुलन अडवतो. आधी ती साधंच विचारते, मग आवाज बदलत जातो, मल्याळमची तमीळ होते आणि ती एका हाताने पलंग उचलते. हे हिंदीत डब केलं की भाषा बदलणंच गेलं, सगळा भार आवाजाच्या पट्टीवर. त्यात क्लोजअप. ओठ मिटले की तिथे प, ब, म असं काहीतरी हवं, म्हणून लेखक नको तो शब्द घुसवतो. मूळ संवादाचा ट्रॅक काढला की त्यावरचे श्वास, हुंदकेही जातात, उरतात संगीत आणि इफेक्ट्स. ते श्वास आम्ही नव्याने देतो आणि वेळ कमी असला की सगळ्यात आधी तेच उरकले जातात.

नेरुळवासी: मग मी वेगळं काय म्हणत होतो?

सानपाड्याची: पूर्ण वाचा. सबटायटलमध्ये नकुलनचं वाक्य आणि तिचं उत्तर बऱ्याचदा एकाच वेळी खाली येतं. तिने तोंड उघडायच्या आत तुम्हाला उत्तर कळलेलं असतं. नजर खाली गेली तेवढ्यात डोळे बदलतात, ते हुकतं. शिवाय आता ती तमीळ बोलतेय हे खाली लिहिलं नसेल, तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

वाशी_सेक्टर९: अगदी! माझे सासरचे मल्याळी. त्या ठिकाणी सासूबाई दचकल्या आणि मी ढिम्म. मला दोन्ही भाषा सारख्याच वाटल्या.

नेरुळवासी: ठीक आहे, ओळी चुकीच्या वेळी येतात हे मान्य. पण त्या चुकीचं खापर सबटायटल लिहिणाऱ्यावर फोडा, पद्धतीवर नको. फहादची पुटपुट कुठल्याही डबमध्ये येणार नाही, यावर मी ठाम आहे.

सानपाड्याची: पुटपुटणाऱ्या नटाचं डबिंग सगळ्यात अवघड, हे मीही सांगते. 'येणार नाही' मात्र मान्य नाही.

किसननगर: आईला काय लावून देऊ, ते कोणी सांगेल का?

सानपाड्याची: डबच लावा. फक्त आधी एखादा शांत, बिनसंगीताचा सीन ऐका. माणूस शेतात उभा आहे आणि आवाज बंद खोलीतला वाटतोय, रडताना शब्द येतात पण श्वास अडकत नाही, असं असेल तर तो डब सोडा, दुसऱ्या भाषेतला असेल तर तो बघा.

कोपरीकर: आणि मराठीतला असेल तर आधी तो.