केस ५ आणि १० मध्ये “कुठलंही एक ठेवा” म्हणणाऱ्यांसाठी

काटोलरोड_कोडर: उंचीच्या ग्रिडवरून कंटूर काढणारं मार्चिंग स्क्वेअर्स मी एका दुपारी लिहिलं. चार कोपरे, १६ केस, टेबल टाइप केलं की झालं. ५ आणि १० वर, म्हणजे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे पातळीच्या वर आणि दोन खाली असतात तिथे, लोक उगाच डोकं खपवतात. दोनपैकी एक जोडणी कायमची ठेवून द्या, नकाशा बघणाऱ्याला काय कळतंय.

फुटाळ्याकाठी: नकाशा बघणाऱ्याला कळतं हो, आणि लगेच कळतं. तुम्ही टेबलात “उंच कोपरे नेहमी जोडा” ठेवलं असेल तर तुमच्या नकाशात तिरपा जाणारा एखादा नाला शोधा. ३० मीटरच्या ग्रिडवर आपल्याकडचे बरेच नाले एकाच सेलच्या रुंदीचे असतात, आणि नाला तिरपा असला की त्याचे खोल बिंदू एकमेकांना फक्त कोपऱ्यातून भेटतात, म्हणजे वाटेतला प्रत्येक चौकोन केस ५ किंवा १० होतो. मग तुमचं टेबल प्रत्येक वेळी दोन्ही काठ जोडतं, नाला तोडतं आणि वाहत्या नाल्याच्या जागी बंद शंकरपाळ्यांची माळ काढतं. उलटं ठेवलं तर नाला सुटतो, पण तिरपी पाळ असेल तर तिचे तुकडे पडतात. म्हणजे कुठलंही एक ठेवा, दोघांपैकी एकाचा बळी ठरलेलाच. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, एका लेआउटच्या कामात असल्याच माळेला कोणीतरी “खड्डे, भरून घ्या” असं लिहून दिलं होतं. तो नाला होता, पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं.

काटोलरोड_कोडर: एका लेआउटवरून सगळ्यांना शहाणपण शिकवू नका. माझ्या रेषा कुठेही तुटत नाहीत.

फुटाळ्याकाठी: तुटतात असं मी म्हटलंच नाही. दोन्ही जोडण्यांमध्ये कडेवरचे छेदबिंदू तेच असतात, त्यामुळे शेजारच्या सेलशी रेषा जुळतेच. रेषा तुटत नाही म्हणून तर ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

तर्रीपोहे: काहून एवढं भांडून राहिले बाप्पा? चार कोपऱ्यांची सरासरी घ्या, पातळीच्या वर आली तर उंच जोडा, खाली आली तर सखल जोडा. मी हेच करतो, संपला विषय.

फुटाळ्याकाठी: कायमच्या एका जोडणीपेक्षा शंभरपट बरं, पण विषय संपत नाही. पातळी ३१० घ्या. वायव्येला ३१६, ईशान्येला ३०८, आग्नेयेला ३११, नैऋत्येला ३०६. सरासरी ३१०.२५, म्हणजे तुम्ही उंच कोपरे जोडणार. पण सरासरी ही सेलच्या मध्यबिंदूची उंची आहे आणि दोन उंच कोपऱ्यांमधली खिंड मध्यावर असेलच असं नाही. कडांवर आपण सरळ रेषेने आकडे भरतो, तोच हिशेब आत नेला की खिंडीची उंची अशी निघते (a, b, c, d म्हणजे वायव्येपासून घड्याळाच्या दिशेने):

```
s = (a*c - b*d) / (a + c - b - d)
```

प्रत्येक आकड्यातून ३१० वजा करा: ६, −२, १, −४. वर ६ − ८ = −२, खाली ६ + १ + २ + ४ = १३. म्हणजे खिंड ३०९.८५ वर, पातळीच्या खाली, आणि ती मध्यापासून बरीच आग्नेयेकडे सरकलेली, कारण तिथला उंच कोपरा जेमतेम उंच आहे. म्हणून इथे सखल कोपरे जोडायचे: एक रेषा वायव्य कोपऱ्याभोवती, दुसरी आग्नेय कोपऱ्याभोवती. नील्सन आणि हामान यांनी १९९१ मध्ये मार्चिंग क्यूब्स या त्रिमितीय भावंडासाठी हेच मांडलं. तिथे दोन शेजारी घनांनी सामाईक बाजूवर वेगवेगळी निवड केली की पृष्ठभागाला भोकंच पडतात.

तर्रीपोहे: ३१०.२५ आणि ३०९.८५. चाळीस सेंटिमीटर! ज्या एसआरटीएमवरून आपण उंची घेतो, त्याचे आकडे मुळात पूर्ण मीटरमध्ये असतात आणि त्यांची स्वतःची चूकच कित्येक मीटरची. हे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं मोजणं झालं.

फुटाळ्याकाठी: डेटा एवढा अचूक नाही, हे मान्य. पण तुमचा फरक उंचीत चाळीस सेंटिमीटरचा, नकाशात मात्र पाणी जातं की अडतं एवढा. सूत्र एका ओळीचं आहे, मग मुद्दाम कमी बरोबर का लिहायचं?

वर्धारोडचा_मन्या: माझ्या मात्र रेषा तुटतात हो. दोनशेच्या वर तुकडे निघतात. टेबल तीनदा तपासलं, केस ५ आणि १० उलटेपालटे करून पाहिले, काही फरक नाही. कोणतं सूत्र टाकू?

फुटाळ्याकाठी: तुमचं दुखणं वेगळं आहे. तुकडे कशावरून जोडता, बिंदूंच्या कोऑर्डिनेटवरून?

वर्धारोडचा_मन्या: हो, दोन टोकांचे x आणि y तंतोतंत सारखे असले की जोडतो.

फुटाळ्याकाठी: तिथेच घोळ आहे. एक सेल ती कड डावीकडून उजवीकडे मोजतो, शेजारचा उजवीकडून डावीकडे. गणितात उत्तर एकच, पण फ्लोटमध्ये शेवटच्या अंकात फरक पडतो आणि तुमची तंतोतंत तुलना फसते. कड नेहमी एकाच क्रमाने मोजा आणि जोडताना बिंदू नाही, कडेची ओळख वापरा:

```
def crossing(i, j, z, level):
    if i > j:
        i, j = j, i
    t = (level - z[i]) / (z[j] - z[i])
    return (i, j), t
```

तर्रीपोहे: एवढं कशाला, कोऑर्डिनेट राउंड करा की.

काटोलरोड_कोडर: मीही राउंडच करतो, कधी त्रास नाही झाला.

फुटाळ्याकाठी: राउंड करू नका! पूर्णांक आकडे आणि पातळीही ३१०, म्हणजे कितीतरी कोपरे बरोबर ३१० असणार. तिथे दोन कडांचे छेद एकाच कोपऱ्यात येऊन पडतात, कधी चारही, आणि कोऑर्डिनेटवरून जोडलं की कोणाचं टोक कोणाला लागलं ते कळत नाही. कडेच्या ओळखीने जोडलं तर ते बिंदू वेगळेच राहतात, फक्त काही तुकडे शून्य लांबीचे निघतात, ते शेवटी काढून टाका. आणि कोपरा उंच की सखल ठरवताना सगळीकडे `>=` म्हणजे `>=`, एका जागी `>` नको.

काटोलरोड_कोडर: बरं, ते `>` माझ्याही कोडमध्ये एका जागी आहे. पण चालतंय.

फुटाळ्याकाठी: चालतंय म्हणून तर तपासत नाही तुम्ही!

जुना_साखळीवाला: तुम्ही पोरं सूत्रावर भांडून राहिले, मी तीस वर्षं प्लेन टेबल खांद्यावर घेऊन फिरलो. आम्ही आधी नाल्याची रेघ काढायचो, कंटूर मागून. मले एवढंच सांगा, नाल्याचे खोल बिंदू ३०६ अन् दोन्ही काठ ३१२, तर ३०७ च्या कंटूरले तुमचं सूत्र काय करते?

फुटाळ्याकाठी: काका, तिथे ते हरतं. खिंड ३०९ वर येते, म्हणजे ३०९ च्या खालच्या प्रत्येक पातळीला पुन्हा माळच. दोन खोल बिंदूंच्या मध्ये नाला सलग आहे हे ग्रिडच्या चार आकड्यांत कुठे लिहिलेलंच नाही.

जुना_साखळीवाला: मग तेच सांगून राहिलो ना. नाल्याची रेघ वेगळी द्यावी लागते.

तर्रीपोहे: म्हणजे एवढं सूत्र लावूनही अर्ध्या पातळ्यांना माळच! मी सरासरीवरच राहतो.

फुटाळ्याकाठी: रहा. पण काकांच्याच नाल्यात ३०९ ते ३१२ मधली प्रत्येक पातळी सलग येते, आणि काटोलरोडवाल्यांच्या टेबलात तीही तुटते.

काटोलरोड_कोडर: ठीक आहे, आज रात्री सूत्र टाकून बघतो. उगाच गाजावाजा नको.

वर्धारोडचा_मन्या: केलं! दोनशेवरून अकरावर आलं. पण हे अकरा काही केल्या जुळत नाहीत.

फुटाळ्याकाठी: त्यांची टोकं ग्रिडच्या बाहेरच्या कडेवर आहेत का बघा.

वर्धारोडचा_मन्या: हो, सगळी.

फुटाळ्याकाठी: मग त्या तुटलेल्या नाहीत, नकाशाबाहेर गेल्या आहेत. त्यांना हात लावू नका.