‘सीटीसी’ म्हणजे नेमका कोणता पगार?

लेकीची आई: मुलीचं पहिलं ऑफर लेटर आलंय. वर ठळक अक्षरांत ‘कॉस्ट टू कंपनी ६,००,०००’. मी बाराने भागलं, महिना ५०,००० आले. ती म्हणते, ‘आई, एवढे हातात नाही येत गं.’ मग किती येतात, ते तिलाही सांगता येईना. मागच्या पानावर तक्ता आहे, तो वाचायचा कसा?

जुना कारकून: सीटीसीला पगार म्हणूच नका ताई. मुलीपायी कंपनी वर्षाला जो खर्च धरते, तो हा आकडा. तक्त्यात बेसिकच्या खाली काय काय आहे?

लेकीची आई: बेसिक महिना २५,०००. मग एचआरए, स्पेशल अलाउन्स. शेवटी वर्षाचे आकडे: एम्प्लॉयर पीएफ ३६,०००, ग्रॅच्युइटी १४,४३०, व्हेरिएबल ६०,०००.

मिठाचा खडा: बघा, पीएफ दोनदा कापतात! एकदा इथे, एकदा पगारातून. सरळ लूट आहे.

जुना कारकून: दोनदा जातो हे खरं, लूट मात्र नाही. बेसिकचे १२ टक्के कंपनी भरते, तेवढेच मुलीच्या पगारातून जातात. पहिलीच नोकरी आणि बेसिक १५,००० च्या वर, म्हणून कंपनीचे ३,००० ही पूर्ण मुलीच्याच पीएफ खात्यात जमा होतात. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के धरलीय. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं टिकल्यावरच मिळते, आधी सोडली तर नाही. आता ताई, शेवटचे तिन्ही आकडे सहा लाखांतून वजा करा आणि मग बाराने भागा.

लेकीची आई: ४,८९,५७० उरले. महिना ४०,७९७.

जुना कारकून: हा झाला ग्रॉस. त्यातून तिचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रात असेल तर व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ३७,५९७. एवढ्या पगारावर नव्या करप्रणालीत सध्या आयकर लागत नाही.

निवांत: माझ्या भाच्याला जॉइनिंग बोनस दिला आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली म्हणून परत मागितला. तुमच्यात ती अट आहे का?

लेकीची आई: जॉइनिंग बोनसच नाही हो. पण व्हेरिएबलपुढे ‘कंपनीच्या व वैयक्तिक कामगिरीनुसार’ असं लिहिलंय. म्हणजे ६०,००० मिळणार की नाही?

जुना कारकून: तो बहुधा वरचा आकडा असतो. कधी पूर्ण मिळतो, कधी निम्मा, कधी शून्य. तिमाहीला देतात की वर्षअखेरीस, आणि मधेच सोडली तर काय, हे एचआरला मेलवर विचारायला सांगा. तोंडी उत्तर नको.

मिठाचा खडा: मग पीएफ कमी करून घ्यावा, हातात जास्त येईल.

जुना कारकून: काही कंपन्या पूर्ण बेसिकऐवजी १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० च भरतात, तसा पर्याय देतातही. घ्यावा का, यावर आमच्या घरातच एकमत नाही.

लेकीची आई: आत्ताच तिला तक्ता समजावला. एचआरचा मेल ती लिहितेय.